टाचेमागची दुखरी शीर

आज बाबांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. छातीच्या संसर्गासाठी लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपला आणि टाचेच्या मागची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा, दुखायला लागली. मुका मार नाही, पाय मुरगळलाही नाही. डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली. पाऊल खाली हललं, म्हणजे शीर पूर्ण तुटलेली नव्हती. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं शीर कमकुवत करू शकतात, कधी गोळ्या थांबल्यावर काही महिन्यांनीही. साठीनंतर आणि सोबत स्टिरॉइड असेल तर धोका जास्त, आणि बाबा साठीपुढचे, दम्यासाठी स्टिरॉइडही चालू, म्हणजे दोन्ही लागू! आता चालणं कमी, मालिश आणि ताणाचे व्यायाम बंद. टाचेत अचानक 'कट्' आवाज आला किंवा चवड्यावर उभं राहता आलं नाही, तर लगेच दवाखाना. हे गोळ्या देतानाच सांगायला हवं होतं, खरंच.