बिलावर गिऱ्हाइकाचं नाव नेमकं काय घालायचं? माझा अनुभव

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर मशीनिंग करून आम्ही पंपाचे भाग पुरवतो. बिलं, बँक, जीएसटी सगळं माझ्याकडे असतं. ज्या गिऱ्हाइकाबद्दल लिहितेय, त्याला इथे अबक म्हणू. कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, रजिस्टर्ड ऑफिस पुण्यात.

यंदाची पर्चेस ऑर्डर आली ती 'अबक इंजिनिअरिंग लिमिटेड' या नावाने. आमच्या टॅलीत आणि जुन्या सगळ्या ऑर्डरींवर 'अबक इंजिनिअरिंग प्रायव्हेट लिमिटेड' होतं. नव्या ऑर्डरीच्याच मागच्या पानावर, अटींच्या मजकुरात, 'प्रायव्हेट' अजून तसंच होतं. पर्चेसला फोन लावला तर तिकडून उत्तर आलं, "टाका की वो मॅडम कुठलंबी. जीएसटी नंबर त्योच हाय न्हवं?"

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. क्रेडिट जीएसटी नंबरावर जातं. आपण जीएसटीआर-1 भरला की बिल त्या नंबराच्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसतं, मग नावात 'प्रायव्हेट' असो वा नसो. पण नियम 46 प्रमाणे टॅक्स इनव्हॉइसवर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि जीएसटीआयएन तिन्ही लागतात. आणि बिल मंजूर करणारा माणूस 2बी बघत नाही. तो ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल शेजारी शेजारी धरतो. नाव जुळलं नाही की बिल बाजूला ठेवतो आणि कुणाला कळवतही नाही. पैसे का आले नाहीत म्हणून आपण विचारायला जावं, तेव्हा उलगडा होतो.

त्यात आम्हाला ई-इनव्हॉइस लागू आहे, कारण उलाढाल 5 कोटींच्या वर आहे. एकदा आयआरएन निघाला की पोर्टलवर ते बिल रद्द करायला 24 तास मिळतात. त्यानंतर क्रेडिट नोट काढा नाहीतर जीएसटीआर-1 मध्ये दुरुस्ती दाखवा, आणि रद्द केलेल्या बिलाचा नंबर पुन्हा वापरता येत नाही. म्हणून पहिलं बिल काढायच्या आधीच नावाचा निकाल लावायचा ठरवलं.

मेल करण्याआधी दोन ठिकाणी पाहिलं. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही Search Taxpayer मध्ये नंबर टाकता येतो. तिथे Legal Name of Business आणि Trade Name असे दोन वेगळे रकाने दिसतात. ट्रेड नेम म्हणजे पाटीवरचं नाव, ते बिलाला पुरत नाही. लीगल नेममध्ये अजून 'प्रायव्हेट' होतं. मग एमसीएच्या साइटवर कंपनीचा मास्टर डेटा उघडला, तर तिथे नाव बदललेलं. सीआयएन हा 21 अक्षरांचा कंपनीचा नंबर असतो. त्यात आमच्या जुन्या कागदांवर PTC होतं, आता PLC. म्हणजे प्रायव्हेट कंपनी पब्लिक झाली होती. शेवटचे सहा आकडे तेच होते, त्यामुळे कंपनी तीच आहे हेही कळलं.

आणखी एक खूण कामाची आहे. जीएसटीआयएनमध्ये पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटीआयएनमधलं सहावं, कंपनीसाठी C असतं. भागीदारी फर्म किंवा एलएलपीसाठी F. प्रायव्हेटची पब्लिक झाली तर पॅन तोच राहतो, म्हणून नंबरही तोच. पण एखाद्या फर्मची कंपनी झाली तर पॅन नवा, जीएसटी नंबरही नवा. तिथे जुन्या नंबरावर बिल फाडलं तर क्रेडिट अडकतं आणि भांडण खरंच मोठं होतं. आमच्या प्रकरणात सहावं अक्षर C होतं आणि नंबर बदलला नव्हता, म्हणून प्रश्न फक्त नावाचा उरला.

एका सरकारी पोर्टलवर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं. हा निकाल पर्चेस देऊ शकत नाही, अकाउंट्सवाले त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जे चढलंय तेच सांगणार. नोंदणीचे कागद कंपनी सेक्रेटरीकडे असतात. मेलचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर मिळाला. बाई मराठी आहेत हे ठाऊक होतं, म्हणून मराठीतच लिहिलं:

विषय: बिलासाठी कंपनीचे नेमके नाव

महोदया,
शिरोलीहून आम्ही आपल्या कागल कारखान्याला मशीन केलेले भाग पुरवतो. सोबतच्या ऑर्डरीवर कंपनीचे नाव पहिल्या पानावर 'लिमिटेड' आणि अटींमध्ये 'प्रायव्हेट लिमिटेड' असे आहे. एमसीएवर पहिले, जीएसटी पोर्टलवर दुसरे दिसते. आजपासूनच्या बिलांवर नेमके कोणते नाव घालावे, ते प्रमाणपत्रावर आहे तसे अक्षरशः लिहून कळवावे. जीएसटी नंबर तोच राहणार आहे ना, तेही कळवावे. उत्तर येईपर्यंत बिल थांबवले आहे, माल वेळेवर येईल.

इतकंच लिहिलं. 'अक्षरशः' मुद्दाम घातलं, कारण आमच्याकडे कुणी 'Engg.' लिहितं, कुणी पूर्ण शब्द, आणि ई-इनव्हॉइसमध्ये नाव आपण टाकू तसंच छापलं जातं. बँक खात्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. खातं बदला, तपशील पाठवा अशा खोट्या मेलांनी सगळेच दबकून असतात. तरीही बाईंनी आधी ऑर्डरीवर आमचा जो नंबर छापला होता त्यावर फोन केला आणि मेल आमचाच आहे ना हे विचारून घेतलं. मला ते पटलं.

उत्तर त्यांनी नव्या प्रमाणपत्राची पीडीएफ जोडून पाठवलं. प्रमाणपत्राच्या तारखेपासून कायदेशीर नाव 'लिमिटेड'च. जीएसटीत दुरुस्तीचा अर्ज गेलाय, पोर्टलवर ती यायची आहे. नंबर तोच. तोवर बिलावर नवं नाव घाला आणि खाली 'पूर्वीचे नाव' म्हणून जुनं लिहा. त्यांच्या अकाउंट्सलाही त्यांनी त्याच मेलची प्रत दिली, हे सर्वांत कामाचं. आमची आधीची येणी जुन्या नावाने आहेत, त्यांचं काय, असं मी फोनवर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "काळजी करू नका. कंपनीचा प्रकार बदलला म्हणून जुनी देणी आणि करार बदलत नाहीत, कायद्यातच तसं आहे." कंपनी कायद्याचं कलम 18 नंतर वाचलं, तसंच आहे.

टॅलीत नवं लेजर उघडलं नाही, नाहीतर जुनी बाकी एकीकडे आणि नवी दुसरीकडे झाली असती. आधी जुन्या बिलांच्या पीडीएफ काढून ठेवल्या, मग त्याच लेजरला नवं नाव दिलं आणि जुनं टोपणनावाच्या रकान्यात टाकलं, म्हणजे शोधताना दोन्हींनी सापडतं. सेक्रेटरीबाईंचा मेल आणि प्रमाणपत्र गिऱ्हाइकाच्या फाइलला लावलं. पहिलं बिल नव्या नावाने गेलं आणि अडलं नाही. अटींच्या पानावरचं 'प्रायव्हेट' मात्र पर्चेसने अजून काढलेलं नाही, सुधारित ऑर्डर द्या म्हणून त्यांच्या मागे लागलेय.