चौथ्या गणितातला तो आकडा

मुलगी दहावीत आहे, सेमी इंग्रजीत. क्लासला दोन दिवस दांडी झाली आणि वर्कशीट ग्रुपवर आली: सरांनी हाताने लिहिलेल्या कागदाचा कुणीतरी काढलेला फोटो, तोही फॉरवर्ड होत होत आलेला. वर्गसमीकरणं, अवयव पद्धतीने सोडवा, दहा गणितं. एवढं तरी धड वाचता येत होतं.

सात-आठ गणितं पटापट उतरवली. चौथं मात्र अडलं.

`x² − 1?x + 60 = 0`

प्रश्नचिन्हाच्या जागी जो आकडा होता तो 8 सारखा दिसत होता, पण 18 घेतल्यावर अवयवच पडेनात. म्हणजे 8 नाही. मग मी 16 धरून बघितलं. 10 आणि 6, बेरीज 16, गुणाकार 60. उत्तर सुबक आलं म्हणजे आकडा बरोबर, असं ठरवून आम्ही जेवायला बसलो. तरी मनात पाल चुकचुकली म्हणून रात्री ग्रुपवर विचारलं, "सर, चौथ्या गणितात मधला आकडा काय आहे?" उत्तर म्हणून अंगठा आला.

सोमवारी चौथ्यावर लाल फुली, खाली शेरा: प्रश्न नीट वाच. संध्याकाळी कुर्ल्याला गाडीत चढायला जागा मिळाली नव्हती, तेव्हाही एवढी चिडले नव्हते.

मग हट्टाने कागद घेऊन बसले. 19 घातलं तर 15 आणि 4. 17 घातलं तर 12 आणि 5. तिन्ही सुबक! अवयव पडतात की नाही, यावरून चुकीचा आकडा बाद करता येतो, पण बरोबर कोणता ते त्यावरून ठरत नाही. आमची चूक तिथेच झाली होती, आधी सोडवलं आणि मग वाचलं.

फोटो मोठा करून काही हाती लागत नव्हतं, डाग फक्त मोठे होत होते. ब्राइटनेस कमी-जास्त करूनही तेच. फिकट पेन्सिलीला त्याचा उपयोग होतो, हललेल्या फोटोला नाही. पण मोठा केल्यावर एक गोष्ट दिसली. कागदाची डावी-उजवी कड स्वच्छ होती, आणि वहीच्या आडव्या रेघा मात्र दुहेरी. म्हणजे फोन वर-खाली हलला होता. अशा फोटोत उभ्या रेघा टिकतात, आडव्या पुसट होतात किंवा दोन-दोन दिसतात. वजाची खूण, अपूर्णांकाची रेघ, 7 ची टोपी, यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. फोन आडवा हलला असेल तर उलट.

आणि मग जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं. डाव्या बाजूला गणितांचे क्रमांक होते, 1 ते 10. त्याच हाताचे, त्याच फोटोत, तसेच हललेले, आणि कुठला आकडा कुठे आहे हे आधीच माहीत! सहाव्या गणिताचा 6 बघितला: गोल वर-खाली सांडून तोही 8 सारखाच, पण त्याची डावी बाजू काळी. नवव्याचा 9 बघितला: उजवी बाजू काळी, सरळ दांड्यासारखी. चौथ्यातल्या आकड्याची काळी बाजू उजवीकडे होती. 19. मुलगी म्हणाली, "आई, हे काल का नाही केलंस?" मी भाजी ढवळायला उठले.

त्याच नजरेने बाकीचीही तपासली, आणि सातवं सापडलं. तिथे `x²` आणि `5x` यांच्या मध्ये नुसता धूसर डाग होता, पुढे `− 24 = 0`. तो डाग आम्ही अधिक समजून उतरवला होता. सरांच्या नजरेतून ते कसं निसटलं, देव जाणे. मधल्या पदाचं चिन्ह बदललं तर मुळांची फक्त चिन्हं उलटतात, 8 आणि −3 च्या जागी −8 आणि 3, त्यामुळे उत्तर बघून चूक कधीच कळणार नाही. पण अधिकाला उभी रेघ असते आणि या फोटोत उभी रेघ टिकायला हवी होती. इथे ती नव्हती, म्हणजे वजा.

आता आधी सगळी गणितं कोऱ्या पानावर उतरवतो. शंका असेल तिथे पेन्सिलीने गोल करून दोन्ही वाचनं लिहायची, आणि ती मिटेपर्यंत ते गणित सोडवायचं नाही. घडी पडून किंवा अंगठा आडवा येऊन आकडाच झाकला गेला असेल तर तर्क लढवत बसू नये, ज्याच्याकडे मूळ कागद आहे त्याला विचारावं. फोटो परत मागायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं.

विचारताना "फोटो नीट दिसत नाही" असं लिहू नका. गेल्या आठवड्यात मी लिहिलं, "तिसऱ्यात 14 की 11?" दोन मिनिटांत उत्तर आलं: 11.