म्हाताऱ्या मनीचा इंजिनातला मुक्काम आम्ही कसा हलवला

नाशिकचा पारा डिसेंबरात दहाच्या खाली उतरला की आमची मनी पोर्चमधल्या गाडीच्या इंजिनात झोपायला जाऊ लागली. बॉनेटच्या धुळीवर पावलांचे ठसे नव्हते, कारण मांजर वरून येत नाही. खालून, पुढच्या चाकावर पाय ठेवून, त्यावरच्या पोकळीतून आत शिरते. सकाळी बॉनेट उघडलं तेव्हा बॅटरीशेजारी तिचे पांढरे केस चिकटलेले सापडले.

मनी 14 वर्षांची. पूर्वी ती कपाटावर झोपायची, पण सांधे धरल्यापासून तिथे उडी मारणं बंद झालं. फरशी रात्री गार पडते आणि माणसाला जेवढी थंडी सोसते, त्यापेक्षा मांजराला बरीच जास्त ऊब लागते. इंजिनात तिला उंची, आडोसा आणि ऊब असं सगळं मिळत होतं, शिवाय चढायला टायरची पायरी. इंजिन दोन-तीन तासांत थंड होतं, तरी वारा लागत नाही म्हणून ती पहाटेपर्यंत तिथेच राहायची, आणि गाड्या निघतात त्याही नेमक्या पहाटे. चालू इंजिनाच्या पट्ट्यात किंवा पंख्यात सापडलं तर मांजर क्वचितच वाचतं.

शेजारचे काका म्हणाले, "ताई, बॉनेटवर दोन थापा मारायच्या, की पळतं." तरुण बोक्याच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरं आहे. पण म्हाताऱ्या मांजराला ऐकू कमी येतं, आणि ऐकू आलं तरी आखडलेले पाय सोडवून खाली उतरायला त्याला वेळ लागतो. पिल्लं तर घाबरून आणखी आत सरकतात. म्हणून आम्ही थापेवर न थांबता बॉनेट उघडायचं, टॉर्च मारून बॅटरीच्या बाजूला आणि खाली बघायचं, मगच किल्ली फिरवायची, असं ठरवलं. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं.

पण खरं काम होतं इंजिनापेक्षा बरी जागा देण्याचं. औषधाच्या दुकानातून थर्मोकोलची झाकणाची पेटी आणली, मनी वळून बसेल एवढीच. मोठी पेटी अंगाच्या उबेने तापत नाही. समोरच्या बाजूला एका कडेला साधारण 15 सेंटिमीटरचं भोक कापलं आणि त्याचा उंबरठा ठेंगणा ठेवला, म्हणजे पाय फार उचलावा लागणार नाही. पेटी विटांवर ठेवली आणि एक वीट पायरी म्हणून पुढे लावली. आत इगतपुरीकडून आलेला भाताचा सुका पेंढा भरला. पोर्चमध्ये घोंगडीपेक्षा तो चांगला, कारण कापड दव धरून गारठतं, पेंढ्यात मांजर स्वतःला पुरून घेतं. ओला वाटला की तो बदलायचा.

पेटी सुरुवातीला गाडीच्या त्याच चाकाजवळ ठेवली. मनी आत न जाता झाकणावर बसून राहिली. भोकाचं तोंड फाटकाकडे होतं, वाराही तिकडूनच. तोंड भिंतीकडे वळवून मध्ये ती जाईल एवढी फट सोडली आणि तिच्या वासाचा जुना टॉवेल आत टाकला, तेव्हा ती शिरली. मग रोज हातभर पेटी सरकवत व्हरांड्यात, आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दाराआड आणली. एकदम उचलून घरात ठेवली असती तर ती परत इंजिनात गेली असती, असं मला वाटतं.

कडाक्याच्या रात्री गरम पाण्याची पिशवी लागली. पाणी उकळतं नाही, मनगटाला सोसेल इतकंच, पिशवीला जुन्या धोतराचे दोन पदर, आणि ती पेटीच्या अर्ध्याच भागात. नको झालं तर मनीला बाजूला सरकता आलं पाहिजे. म्हाताऱ्या मांजराला चटका बसत असला तरी ते पटकन उठत नाही.

तिच्या सांध्यांसाठी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासून आधी मूत्रपिंडं बघितली, मग औषध दिलं. घरातली पॅरासिटामॉल तिला कणभरही द्यायची नाही, हे इथे ठासून सांगते: मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, आणि एका गोळीने मांजर मरू शकतं. कान-पंजे गार पडून मांजर सुस्त झालं, हाक मारली तरी उठेना, तर हीटरपुढे न ठेवता टॉवेलात गुंडाळून लगेच दवाखान्यात न्यायचं.

आता मनी पेटीत झोपते. बॉनेट मात्र आम्ही अजूनही रोज उघडतो, कारण गल्लीत तिच्याखेरीज आणखी मांजरं आहेत.