आमची वाटचाल : डीपी, डीए आणि उद्यमबागेतली आमची शेड

मागच्या महिन्यात अथणीचा एक तरुण बेदाण्याचा पहिला कंटेनर दुबईला पाठवायच्या तयारीत माझ्याकडे आला आणि बँकेचा कलेक्शनचा, म्हणजे बँकेमार्फत परदेशातून पैसे वसूल करण्याचा फॉर्म टेबलावर पसरून म्हणाला, "काका, इथे डीपी आणि डीए असे दोन रकाने आहेत, कुठल्या रकान्यात खूण करू?" त्या खुणेपायी २०१५ साली आमची शेड बंद पडता पडता वाचली आहे. त्यामुळे त्याला मी जे सांगितले तेच इथे लिहितो. मधली सुखाची वर्षे सांगण्यासारखी नाहीत.

बेळगावच्या उद्यमबागेत मी आणि माझे मेहुणे पंपाच्या कास्ट आयर्न बॉड्या मशीन करून देत होतो. आमचे पहिले परदेशी गिऱ्हाईक मोंबासाचे, एक वृद्ध गुजराती व्यापारी. त्यांचा व्यवहार सुरुवातीपासून डीपी, म्हणजे पैसे दिल्यावर कागद. माल न्हावाशेवाहून जहाजावर चढला की बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीच्या तिन्ही मूळ प्रती, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि आमची हुंडी असा गठ्ठा आमच्या बँकेकडे जाई, तिथून कुरियरने त्यांच्या बँकेकडे. त्यांनी रक्कम भरली की बँक कागद त्यांच्या हाती देई, आणि कागद दाखवूनच माल बंदरातून सुटे. मेहुणे त्या गठ्ठ्याला दोऱ्याने बांधून वर खडूने क्रमांक घालत. बँकेतल्या मुली हसत, पण सोळा वर्षांत आमचा एकही कागद हरवला नाही.

डीपीत पैसे बुडत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. गिऱ्हाईक जहाज बंदरात लागेपर्यंत बँकेकडे फिरकतच नाही. हा व्यापाराचा रिवाज आहे, त्यावर रागावून उपयोग नाही. त्याने नकार दिला तर माल तुमचाच राहतो, पण परक्या बंदरात, रोजचे भाडे चढत असताना. काही देशांत मूळ घेणाऱ्याच्या संमतीशिवाय तो परत आणता किंवा दुसऱ्याला विकता येत नाही. लोखंड तिथे महिनाभर तग धरते. बेदाणा उन्हात काय करील ते अथणीच्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

आणि हे सगळे संरक्षण बिल ऑफ लेडिंगच्या एका ओळीवर उभे असते. माल घेणाऱ्याच्या रकान्यात 'टू ऑर्डर' लिहिले आणि मागे कोरी सही केली, तर मूळ प्रत हातात असलेल्यालाच माल मिळतो. त्या रकान्यात थेट गिऱ्हाइकाचे नाव घातले आणि बिलाऐवजी सी वेबिल किंवा विमानाचे एअर वेबिल काढले, तर गिऱ्हाईक ओळख दाखवून माल उचलते आणि तुमचे डीपीचे कागद बँकेच्या कपाटात पडून राहतात. बँकेच्या नावावर माल पाठवायचा विचारही त्या बँकेची आधी संमती घेतल्याशिवाय करू नये. कलेक्शनचे आंतरराष्ट्रीय नियम, ज्यांना बँकवाले यूआरसी ५२२ म्हणतात, ते या बाबतीत बँकेवर कसलीही जबाबदारी टाकत नाहीत.

आता डीएची, म्हणजे नुसत्या सहीवर कागद देण्याची गोष्ट, आणि माझी तक्रारही. २०१४ च्या अखेरीस आखातातल्या एका नव्या गिऱ्हाइकाशी आमची डीपीवर दोन कंटेनरांची उलाढाल सुरळीत झाली होती. त्याच सुमारास आमच्याच गल्लीतल्या एका शेडवाल्याने, ज्याला पहिले डाय आमच्याकडून उसने मिळाले होते, त्या गिऱ्हाइकाला गाठून सांगितले की हे लोक उधार देत नाहीत, मी नव्वद दिवसांची डीए देतो. गिऱ्हाईक निसटेल या भीतीने मी तीच अट कबूल केली, आणि भीतीपोटी केलेली ती कबुली मला आजही डाचते.

डीएत गिऱ्हाईक आमच्या हुंडीवर 'स्वीकारली' असे लिहून सही करते आणि लगेच कागद, म्हणजे माल, घेऊन जाते. पैसे मुदतीच्या दिवशी येतात. बँकेने हमी घेतलेली नसते, तिने फक्त सही घेऊन कागद दिलेले असतात. दर महिन्याला एक असे ३२,००० डॉलरचे तीन कंटेनर गेले. पहिल्याची बिल ऑफ लेडिंग ५ जानेवारीची, मुदत तिथून नव्वद दिवस, म्हणजे ५ एप्रिल. पहिली हुंडी चुकली तोवर बाकीचे दोन्ही कंटेनर त्याच्या गोदामात पोचले होते. ९६,००० डॉलर, त्या वेळच्या दराने साठ लाखांच्या घरात. आमची रक्कम बँकेने बिल डिस्काउंट करून आधीच दिली होती, ती वसुलीच्या अटीवर होती, म्हणून तिने आमच्याच खात्यातून परत कापून घेतली. मेहुण्यांनी त्या दिवशी मोल्डिंगवाल्या पोरांचा पगार स्वतःच्या सोसायटीच्या ठेवीतून दिला.

त्यानंतर मी कलेक्शनच्या फॉर्मची आमची प्रत काढून पाहिली. स्वीकार किंवा पैसे न मिळाल्यास प्रोटेस्ट, म्हणजे नकाराची रीतसर नोंद, करावा का, हा रकाना कोरा होता. स्पष्ट सूचना नसेल तर परदेशी बँक नोटरीकडून प्रोटेस्ट नोंदवायला बांधील नाही, आणि तिने नोंदवला नाही. तिकडच्या वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला. निर्यातीचे पैसे बुडाल्यास भरपाई देणारा ईसीजीसीचा विमा आम्ही घेतला नव्हता, कारण डीएसाठी त्या खरेदीदाराची पत-मर्यादा आधी मंजूर करून घ्यावी लागते आणि मला तेवढाही धीर नव्हता. गिऱ्हाइकाने मग मालात सच्छिद्रता असल्याची तक्रार काढली, चौदा महिन्यांनी तोडीने ४१,००० डॉलर दिले, बाकीचे गेले. मोंबासाच्या शेठजींनी ते ऐकून पुढच्या दोन ऑर्डरींची आगाऊ रक्कम पाठवली नसती तर हे लिहायला मी नसतो.

डीए कधीच देऊ नये असे मी म्हणत नाही. द्यायचीच तर मुदत बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून मोजावी. 'दर्शनानंतर', म्हणजे हुंडी गिऱ्हाइकाला दाखवल्यापासून, अशी लिहिली तर गिऱ्हाईक सही लांबवते आणि घड्याळच सुरू होत नाही. त्याच्या बँकेला हुंडीवर हमीची सही करायला सांगावी, ज्याला अॅवल म्हणतात. बँकेने ती केली की मगच पैशाला बँक बांधील होते. आणि पहिल्या हुंडीचा पैसा आल्याशिवाय दुसरा कंटेनर भरू नये. हे शेवटचे कोणी विचारत नाही, पण मी सगळ्यांना सांगतो.

नवे लोक आणखी एक घोळ करतात : हुंडी नव्वद दिवसांची काढतात आणि खूण डीपीला करतात. यूआरसी ५२२ अशा हुंडीला अनुकूल नाही, आणि माल दहा दिवसांत पोचला तरी कागद पैसे मिळेपर्यंत बँकेतच अडकतात. मुदतीच्या हुंडीवर दोन्हींपैकी काहीच लिहिले नाही तर बँक कागद पैशाविना सोडत नाही, एवढा एक फायदा अर्धवट भरलेल्या फॉर्मचाही आहे.

अथणीच्या मुलाने डीपीला खूण केली. मी त्याला शिपिंग एजंटने पाठवलेला बिल ऑफ लेडिंगचा मसुदा दाखवायला सांगितले. माल घेणाऱ्याच्या रकान्यात दुबईच्या व्यापाऱ्याचे पूर्ण नाव आणि पत्ता छापलेला होता. जहाज अजून चार दिवस लांब होते, तेव्हा आम्ही एजंटला तिथूनच फोन लावला.