माटुंगा वृक्षनोंद : अक्षांश-रेखांशासाठी दशांशाची पाच स्थळे का ठरवली

माटुंग्याच्या पाच उद्यानांजवळील ज्या गल्लीपासून आम्ही झाडांची नोंद सुरू केली, तिची पूर्वेकडची रांग आता पूर्ण झाली आहे. पुढच्या गल्लीत जाण्यापूर्वी एक प्रश्न निकाली काढणे आवश्यक होते, तो म्हणजे प्रत्येक झाडाचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे किती अंकांपर्यंत लिहायचे. आमच्या गटाकडे येणाऱ्या नोंदींत कोणी चार अंक लिहितात, कोणी सात, आणि एका जुन्या यादीत तर दहा अंक आहेत. या वेळची नोंद त्या निर्णयाविषयी आहे.

अंकांची संख्या ठरवताना सुरुवात जमिनीवरच्या गरजेपासून करावी लागते. आमची गरज अशी की काही वर्षांनी कोणी ही यादी घेऊन गल्लीत आले, तर नोंद नेमक्या कोणत्या रेन ट्रीची आहे हे त्यांना शेजारच्या झाडाशी गल्लत न होता कळले पाहिजे. या रांगेतील झाडे एकाच वयाची आणि जवळजवळ सारख्या घेराची असल्यामुळे केवळ वर्णनावरून ती ओळखता येत नाहीत. दोन बुंध्यांच्या मध्यांतील अंतर टेपने मोजले असता साधारण ६.६ मीटर भरले. नोंदवलेला बिंदू खऱ्या जागेपासून या अंतराच्या निम्म्याहून, म्हणजे ३.३ मीटरहून, अधिक सरकला, तर तो शेजारच्या झाडाला जवळचा ठरू शकतो. म्हणून एकूण चूक ३ मीटरच्या आत ठेवायची असे आम्ही ठरवले.

यापुढचा हिशेब मुंबईच्या अक्षांशावर करायला हवा. १९ अंश उत्तर अक्षांशावर अक्षांशाचा एक अंश जमिनीवर सुमारे ११०.६९ किलोमीटर आणि रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.२९ किलोमीटर भरतो. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे एकमेकींजवळ येत जातात, त्यामुळे दुसरा आकडा लहान आहे. सर्वत्र आढळणाऱ्या तक्त्यांत दोन्हींसाठी १११ किलोमीटर धरलेले असतात. ते विषुववृत्तापाशी चालते, आणि मुंबईतही फरक पाच टक्क्यांच्या आसपासच पडतो. परंतु श्रीनगरच्या अक्षांशावर रेखांशाचा अंश सुमारे ९२.३ किलोमीटरवर येत असल्याने तेथे तोच तक्ता वापरणे योग्य होणार नाही. आपल्याकडे दशांशाच्या पाचव्या स्थळातील एक एकक म्हणजे उत्तर-दक्षिण १.१०७ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.०५३ मीटर होय. चौथ्या स्थळासाठी हेच आकडे दहापट होतात.

येथे एक बारकावा लक्षात घेणे आवश्यक आहे. एककाची लांबी म्हणजे राउंड केल्याने येणारी चूक नव्हे. आकडा जवळच्या किमतीला राउंड केला, तर चूक जास्तीत जास्त अर्ध्या एककाची होते. मात्र ती दोन्ही दिशांना एकाच वेळी होऊ शकते. पाच स्थळांसाठी उत्तर-दक्षिण ०.५५ मीटर आणि पूर्व-पश्चिम ०.५३ मीटर धरले, तर पायथागोरसच्या नियमाने सर्वात वाईट स्थितीत बिंदू ०.७६ मीटर सरकतो. चार स्थळांसाठी हाच आकडा ७.६ मीटर होतो, म्हणजे मोजणी कितीही काटेकोर केली तरी निव्वळ लिहिण्यातच आमची तीन मीटरची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

राउंड करण्याची चूक आणि प्रत्यक्ष मोजणीची चूक यांचा एकमेकींशी संबंध नसल्यामुळे त्यांची सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले जाते. एकूण मर्यादेच्या एक-तृतीयांशाहून अधिक वाटा राउंड करण्याला द्यायचा नाही, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे. तीन मीटरपैकी एक मीटर तिकडे गेला तरी मोजणीसाठी सुमारे २.८३ मीटर शिल्लक राहतात, म्हणजे फारसे नुकसान होत नाही. पाच स्थळांचे ०.७६ मीटर या एक मीटरच्या आत बसतात आणि मोजणीला २.९० मीटर मोकळे मिळतात. सहा स्थळे घेतली तर २.९० चे जवळजवळ ३ मीटर होतात. हा दहा सेंटिमीटरचा लाभ एवढ्या घेराच्या बुंध्यांसाठी निरर्थक आहे. रेन ट्रीच्या बुंध्याचा मध्य नेमका कुठे मानायचा, यावरच दोन माणसांत त्याहून अधिक मतभेद होतो.

हिशेबावर कोणाचा विश्वास बसत नसेल, तर रांगेतील तीन लागोपाठची झाडे पाहावीत. उत्तरेकडून पहिले १९.०२१४३७, ७२.८५६२८४ येथे, दुसरे १९.०२१३७८, ७२.८५६२९१ येथे आणि तिसरे १९.०२१३१९, ७२.८५६२९७ येथे आहे. लगतच्या दोन झाडांत प्रत्येक वेळी साधारण ६.६ मीटर अंतर आहे. हे आकडे चार स्थळांपर्यंत राउंड केले की पहिले आणि दुसरे झाड दोन्ही १९.०२१४, ७२.८५६३ होतात, म्हणजे नकाशावर एकावर एक बसतात. तिसरे मात्र १९.०२१३, ७२.८५६३ वर जाते आणि दुसऱ्यापासून ११ मीटर दूर दिसू लागते. एकसारख्या अंतराने लावलेल्या रांगेत एक जोडी एकत्र आणि पुढे मोठी फट, हे चित्र नकाशावर दिसले की स्थळे कमी पडली आहेत असे समजावे. पाच स्थळांवर पहिले झाड १९.०२१४४, ७२.८५६२८ आणि दुसरे १९.०२१३८, ७२.८५६२९ असे लिहिले जाते. त्यांच्यातील अंतर ६.७ मीटर येते, म्हणजे टेपच्या मोजणीहून केवळ पंधरा सेंटिमीटर जास्त.

अर्थात अंक लिहिल्याने अचूकता निर्माण होत नाही. मोबाईलवरील ॲप सात-आठ अंक सहज दाखवते, परंतु खुल्या आकाशाखालीही मोबाईलची चूक पाच मीटरच्या घरात असते, आणि दोन्ही बाजूंच्या चार मजली इमारतींवरून सिग्नल परावर्तित होऊन येतो तेव्हा ती पुष्कळ वाढते. अँड्रॉइड नकाशावर आपल्या जागेभोवती जे वर्तुळ दाखवते, त्याच्या आत खरी जागा असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्केच असते. हेही ध्यानात ठेवावे. म्हणून या गल्लीत आम्ही मोबाईलवर विसंबलो नाही. कोपऱ्यावरच्या कंपाउंडच्या भिंतीचे टोक हवाई छायाचित्रावर निश्चित केले, तेथून फुटपाथच्या कडेने टेप टाकली आणि दिशा होकायंत्राने घेतली. हवाई छायाचित्र स्वतःच काही मीटर सरकलेले असू शकते, परंतु त्यामुळे संपूर्ण रांग एकाच दिशेने सरकते, झाडांचा परस्परांतील क्रम आणि अंतर बदलत नाही. त्या टोकाच्या अनिश्चिततेसाठी यादीत वेगळा रकाना ठेवला आहे, कारण अंकांच्या संख्येवरून ती वाचणाऱ्याला समजण्याचा दुसरा मार्ग नाही.

दहा अंकांच्या जुन्या यादीबद्दल मला विशेष सांगावेसे वाटते, कारण तीच सर्वात अचूक असल्याचा समज गटात होता. तिच्यातील एक नोंद १९.०२१३८८८८८९, ७२.८५६३८८८८८९ अशी आहे. शेवटी सारखे येणारे आठ पाहिल्यावर शंका येते. अशा वेळी आकड्याला ३६०० ने गुणावे. अक्षांशाचा गुणाकार ६८४७७ आणि रेखांशाचा २६२२८३ असा जवळजवळ नेमका पूर्णांक येतो. म्हणजे मूळ नोंद १९ अंश १ मिनिट १७ सेकंद आणि ७२ अंश ५१ मिनिटे २३ सेकंद अशी पूर्ण सेकंदांत होती आणि नंतर कोणीतरी तिचे दशांशांत रूपांतर केले. मुंबईत अक्षांशाचा एक सेकंद ३०.७ मीटर आणि रेखांशाचा २९.२ मीटर आहे, त्यामुळे राउंड केल्याने होणारी चूक २१ मीटरपर्यंत जाते, आणि ६.६ मीटरवर झाडे असलेल्या रांगेत तेवढ्यात तीन झाडे येतात. एखादा गुणाकार योगायोगाने पूर्णांकाजवळ येऊ शकतो, म्हणून सलग नोंदींवर ही तपासणी करावी:

```
=ROUND(A2*3600,3)
```

जवळजवळ सर्व उत्तरे पूर्णांक आली, तर ती यादी सेकंदांवरून तयार केलेली आहे. अशा नोंदी आम्ही पाच स्थळांपर्यंत राउंड करून ‘± २० मीटर’ या शेऱ्यासह ठेवल्या आहेत. त्या नोंदींतील झाडे पुन्हा मोजावी लागतील.

पाच स्थळे लिहितानाही दोन ठिकाणी सावध राहावे लागते. पहिले म्हणजे उरलेले अंक नुसते छाटू नयेत. आपल्या भागात दोन्ही आकडे धन असल्यामुळे छाटलेला प्रत्येक बिंदू दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडेच सरकतो, आणि सर्वात वाईट स्थितीत चूक १.५३ मीटर होऊन वर ठरवलेला एक मीटरचा वाटा मोडतो. दुसरे म्हणजे शेवटचे शून्य. स्प्रेडशीट १९.०२१४० चे १९.०२१४ करते, आणि पुढे वाचणाऱ्याला ही नोंद चार स्थळांचीच आहे असे वाटते. दर दहा आकड्यांमागे साधारण एकाच्या बाबतीत असे होणार, म्हणून यादी बाहेर देताना रकाना मजकूर म्हणून तयार करावा:

```
=TEXT(A2,"0.00000")
```

गटातील एका ज्येष्ठ सभासदाने विचारले की ओपनस्ट्रीटमॅप सात स्थळे साठवते, तर आपण पाचवर का थांबावे. सात स्थळे म्हणजे एक सेंटिमीटर. भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत असल्याने, मोजणीची तारीख दिल्याशिवाय सातव्या अंकाला अर्थच राहत नाही. साठवण्याची सोय आणि मोजणीची गरज या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच उत्तर मी त्यांना दिले.

तरीही या गल्लीत पाच स्थळे अपुरी पडणारी एक जागा आहे. एका इमारतीच्या फाटकाशी दोन बॉटल पाम १.३ मीटर अंतरावर लावलेले आहेत. तेथे एकूण चूक ०.६ मीटरच्या आत हवी, तिचा एक-तृतीयांश म्हणजे ०.२ मीटर, आणि ०.७६ मीटर त्यात बसत नाहीत. सहा स्थळांचे ०.०७६ मीटर बसतात. परंतु आमच्यापैकी काहींच्या ॲपमध्ये आकडे सिंगल प्रिसिजन या मोजकेच अंक सांभाळणाऱ्या पद्धतीत साठवले जातात, आणि त्या पद्धतीत ७२ अंशांच्या आसपास लगतच्या दोन किमतींत जमिनीवर ०.८० मीटर अंतर पडते. १९ च्या आसपासच्या अक्षांशात ते ०.२१ मीटरच असते, म्हणून दोष रेखांशातच आधी दिसतो. तपासायचे असल्यास ॲपमध्ये ७२.८५६२८४ भरून जतन करावे; परत वाचताना ७२.८५६२८५ दिसले, तर त्या ॲपमधील सहावे स्थळ विश्वासार्ह नाही. त्यामुळे या दोन पामांना आम्ही पाच स्थळांचा एकच समाईक बिंदू दिला आहे, आणि ‘फाटकाचा उत्तरेकडील खांब’ व ‘दक्षिणेकडील खांब’ असे लिहून प्रत्येक बुंध्याचे जवळच्या खांबापासूनचे टेपने मोजलेले अंतर शेऱ्यात नोंदवले आहे.