मावशीला जाहिरात वाचता येईना

कान तपासणीच्या जाहिरातीचं क्रिएटिव्ह मी केलं होतं. नारिंगी पार्श्वभूमी, त्यावर बारीक पांढरी अक्षरं. मोठ्या स्क्रीनवर देखणं दिसत होतं. सत्तरीच्या मावशीच्या हातात फोन देऊन विचारलं, "काय लिहिलंय?" ती म्हणाली, "कानाचं चित्र आहे. पुढचं दिसत नाही रे."

आधी रंग तपासले. नारिंगी #FF9800 वर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, निघाला जेमतेम 2.2:1. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे साध्या मजकुराला किमान 4.5:1 हवा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि बाहुली लहान राहते, त्यामुळे आत उजेडच कमी पोचतो. म्हणून मी 7:1 च्या वरच राहायचं ठरवलं. क्लायंटला नारिंगी सोडायचा नव्हता, आणि सोडायची गरजही पडली नाही. त्याच रंगावर काळी अक्षरं ठेवली, तर आकडा 9.7:1 वर गेला. रंग बदलायची घाई आपण उगाच करतो.

आकाराची चूक मात्र माझ्या कामाच्या सवयीत होती. ज्यावर डिझाइन करतो तो आर्टबोर्ड 1080 पिक्सेल रुंद, फोनवर तो साधारण 360 च्या रुंदीत बसतो. म्हणजे मी टाकलेला 30 चा मजकूर तिथे फक्त 10 चा होत होता. आता कुठलाही आकार ठरवताना मी तीनने भागून बघतो. मजकूर 60 केला, हेडलाइन 110.

मग ठळकपणा. जोरात दिसावं म्हणून फॉन्टचं सर्वात जाड वजन घेतलं, तर 'क्ष', 'श्र' यांच्या आतल्या पोकळ्याच बुजल्या. मध्यम-ठळक वजनावर परत आलो आणि ओळींमधलं अंतर वाढवलं, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडत होता. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवलं नाही. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते.

एवढं मोठं केल्यावर जाहिरातीचा जुना मजकूर मावेना. ते बरंच झालं. "श्रवणक्षमतेचे सर्वंकष मूल्यांकन, आजच नोंदणी करा" याच्या जागी "ऐकू कमी येतंय? कान तपासून घ्या." बाकी तपशील चित्रातून काढून खालच्या मजकुरात नेला.

पुन्हा मावशीकडे गेलो. फोनचा उजेड निम्मा केला, हातभर अंतरावर धरला, तीन सेकंदांनी काढून घेतला. हेडलाइन तिने बरोबर सांगितली. पण बटणावरचं "नोंदणी करा" वाचून विचारलं, "म्हणजे कुठे जायचं?"

बटणावर "फोन करा" लिहिलं. तिसऱ्या वेळी तिने काहीच विचारलं नाही, सरळ बटणावर बोट ठेवलं.