शेवटचा सामना किती वाजता सुरू करायचा?

शाळेच्या गेमिंग क्लबच्या पालकसभेत मला वीसच मिनिटं मिळतात. त्यातली निम्मी मी एकाच गोष्टीला देते: खेळ थांबवायचा कसा. किती वेळ खेळायचं यावर बहुतेक घरांत बोलणं झालेलं असतं, वाद पेटतो तो थांबवायच्या पाच मिनिटांत. पण त्याआधी मुलाच्या गूगल खात्याचं काम उरकावं लागतं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मी एक फोन हातात घेते आणि पालकांना विचारते, मुलाच्या खात्यात जन्माचं वर्ष कोणतं आहे? बरेच जण गप्प होतात. खातं घाईत उघडलेलं असतं आणि पुढे जाता यावं म्हणून मोठ्या माणसाचं वर्ष टाकलेलं असतं. मग त्या यंत्राच्या लेखी अकरा वर्षांचा मुलगा प्रौढ असतो, आणि लहानांसाठीची बंधनं त्याला लागू होत नाहीत. अँड्रॉइड फोनवर खरी तारीख टाकून मुलाचं खातं उघडा आणि ते फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमधून स्वतःच्या खात्याला जोडा. जुन्याच खात्यातली तारीख दुरुस्त करायची असेल तर आपला फोन आणि पासवर्ड आधी जवळ ठेवा. वय मर्यादेखाली गेलं की गूगल पालकांची देखरेख मागतं, आणि ती जोडली नाही तर खातं बंद होऊ शकतं.

एवढ्याने भागत नाही. बऱ्याच ऑनलाइन खेळांचं स्वतःचं वेगळं खातं असतं आणि तिथली जन्मतारीखही वेगळी असते. फॅमिली लिंक फोनला कुलूप लावतं, पण खेळातल्या गप्पांवर त्याचा काही इलाज नाही. तिथली तारीख चुकीची असेल तर ती बदलायला अनेकदा कंपनीच्या मदत विभागाला लिहावं लागतं. सरळ नवं खातं काढायला मुलं तयार नसतात, कारण जुन्यात जमवलेलं सगळं जातं. खोटं वर्ष टाकल्याचं मुलं लपवतात त्यामागे हे कारण बरेचदा असतं. ते ऐकून घेतलं तर मूल स्वतःच तारीख दाखवतं.

आता वेळ. उदाहरणाला संघ करून खेळायचा एक खेळ घेऊ. सामना जास्तीत जास्त वीस मिनिटांचा, आणि संघ जमेपर्यंत चार मिनिटं वाट पाहायची, म्हणजे एका सामन्याला चोवीस मिनिटं. घरचा नियम एक तासाचा. दोन सामन्यांत अठ्ठेचाळीस मिनिटं गेली, बारा उरली. मोठ्यांना वाटतं, आता हा आपण होऊन थांबेल. मुलाच्या हिशेबात मात्र ती बारा मिनिटं त्याच्या हक्काची असतात, म्हणून तो तिसरा सामना सुरू करतो. साठाव्या मिनिटाला फोन बंद होतो तेव्हा खेळ ऐन मध्यावर असतो आणि त्याचे साथीदार एकाने कमी होतात. बऱ्याच संघखेळांत अर्ध्यावर सोडून जाणाऱ्याचे गुण कापतात किंवा त्याला पुढच्या सामन्यासाठी थांबवून ठेवतात. मुलगा का चिडला हे दारात उभ्या असलेल्या आईला कळत नाही, कारण तिला फक्त बंद झालेला पडदा दिसतो.

म्हणून मर्यादा मिनिटांत नाही, सामन्यांत सांगा: दोन सामने. फोनमधली मर्यादा साठऐवजी पासष्ट मिनिटांवर ठेवा, म्हणजे संघ जमायला उशीर झाला तरी दुसरा सामना पुरा होतो. त्या मर्यादेला सामना कळत नाही, घड्याळ तेवढं कळतं. त्यामुळे तिसरा सामना सुरू न करणं हा घरातला करारच राहतो, आणि फोनचं कुलूप ही त्यापलीकडची भिंत. करार सांगतानाही ‘साडेआठला बंद’ म्हणू नका, ‘आठ वाजून पाच मिनिटांनंतर नवा सामना नाही’ असं म्हणा. पाच आणि चोवीस, एकोणतीस. साडेआठच्या आत संपतं.

हे आकडे माझे आहेत, तुमच्या घरातले वेगळे निघतील. तीन सामने होईपर्यंत शेजारी बसा आणि सुरू करायचं बटण दाबल्यापासून निकाल दिसेपर्यंतची वेळ कागदावर लिहा. हिशेबाला सरासरी धरू नका, सगळ्यात लांबलेला सामना धरा. माइनक्राफ्टसारख्या खेळात हा प्रश्नच येत नाही. तिथे सामना नसतो आणि जग आपोआप जतन होतं, म्हणून घड्याळाने थांबवलं तरी चालतं. ठरावीक ठिकाणी पोचल्यावरच प्रगती जतन करणाऱ्या खेळांत पंधरा मिनिटं आधी सांगावं लागतं.

इथे दोन ठिकाणी हमखास चुकतं. फॅमिली लिंकमधली दैनंदिन मर्यादा प्रत्येक उपकरणाला वेगळी लागते. फोनला एक तास आणि टॅबलेटला एक तास म्हणजे मुलाला दोन तास मिळाले. निन्टेन्डो स्विचच्या पालकांसाठीच्या ॲपची गोष्ट उलट आहे: वेळ संपली की पडद्यावर नुसती सूचना येते, खेळ चालूच राहतो. तो बंद पडायला हवा असेल तर ‘Suspend Software’ वेगळं चालू करावं लागतं. मी ते सुरुवातीला बंदच ठेवायला सांगते. सूचना आल्यावर मूल स्वतः थांबतं की नाही, हे आधी दिसू दे.

पैशांचं थोडक्यात. फॅमिली लिंकमध्ये प्रत्येक खरेदीला पालकांची परवानगी लागेल असं ठेवता येतं, पण ही अडवणूक गूगल प्लेमार्फत होणाऱ्या खरेदीपुरतीच. खेळाच्या वेबसाइटवर कार्ड वापरलं तर ती मध्ये येत नाही, म्हणून मुलाच्या हाती पडणाऱ्या ब्राउझरमध्ये कार्ड जतन करून ठेवू नका. आणि मूल तुमच्याच फोनवर खेळत असेल तर फोनमध्ये कोणाकोणाची बोटं नोंदवली आहेत ते एकदा तपासा. फोन उघडता यावा म्हणून हौसेने नोंदवलेल्या मुलाच्या बोटाने खरेदीसुद्धा मंजूर होऊ शकते.

गप्पांबद्दल एक गैरसमज काढायला हवा. खेळावरचा वयाचा शिक्का खेळातल्या मजकुराचा असतो, समोर बोलणाऱ्या माणसाचा नाही. प्ले स्टोअरवर वयाच्या माहितीपाशी ‘Users Interact’ असं लिहिलेलं दिसलं की अनोळखी माणसं बोलू शकतात असं समजा. खेळाच्या सेटिंगमध्ये आवाजी गप्पा फक्त मित्रांपुरत्या ठेवा, आणि पहिले काही आठवडे हेडफोनऐवजी स्पीकरवर खेळू द्या. शिवीगाळ ऐकू येईल, ती तितकी घाबरण्याची गोष्ट नाही. ‘आपण दुसऱ्या ॲपवर बोलू’ असं कोणी म्हणालं तर मात्र त्या क्षणी खेळ थांबवा, त्या खात्याला रोखा आणि तक्रार करा. आधी पडद्याचा फोटो काढून ठेवा.

सभेत शेवटी कोणीतरी विचारतंच, “बाई, एवढं ठरवूनही तिसरा सामना सुरू केलाच तर?” माझं उत्तर: तो पुरा होऊ द्या. फॅमिली लिंकमधून तेवढ्यापुरता जादा वेळ द्या आणि उद्याचा एक सामना कमी करा, तोही मुलासमोर कागदावर लिहून. जादा वेळ आणि वजाबाकी एकाच वेळी झाली पाहिजे. नुसता जादा वेळ दोनतीनदा दिलात की मूल सामन्यांचा हिशेब सोडतं आणि तुमच्या चेहऱ्याचा ठेवायला लागतं.